दाबपात्राच्या अहवालातला शेरा मराठीत आणताना

दाबपात्र म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब आत धरून ठेवण्यासाठी बांधलेले बंद भांडे. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या शेजारी उभी असलेली हवेची टाकी हे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप. कामगार तिला ‘रिसिव्हर’ म्हणतात, कोशात तिला ‘वायुग्राही’ असा शब्द शोधावा लागतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ती दाबाखाली चालणारी यंत्रसामग्री असते. अशा यंत्रसामग्रीचा सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाणार नाही यासाठी परिणामकारक उपाय योजले पाहिजेत, असे कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ३१ सांगत होते. ते उपाय कोणते हे महाराष्ट्रात महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मधल्या नियम ६५ मध्ये येते. टाकीची बाहेरून दर सहा महिन्यांनी आणि आतून दर बारा महिन्यांनी तपासणी व्हावी लागते. ही तपासणी कोणीही करून चालत नाही. राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षकाने मान्यता दिलेली ‘सक्षम व्यक्ती’च ती करते आणि ठरावीक नमुन्यात अहवाल देते. बॉयलरसाठी वेगळा कायदा आहे, त्यामुळे तो इथे बाजूला ठेवला आहे.

या अहवालाला सगळे ‘सर्टिफिकेट’ म्हणतात. प्रत्यक्षात तो प्रश्नांची उत्तरे असलेला अहवाल असतो आणि प्रमाणपत्र म्हणावे असे एकच वाक्य त्याच्या शेवटी येते. नमुन्याची भाषा ब्रिटिश कारखाना कायद्याच्या वळणाची इंग्रजी आहे. दोन-चार शब्दांच्या उत्तरांसाठी केलेले रकाने आणि त्यांच्या डोक्यावर मोजूनमापून लिहिलेली लांबच लांब वाक्ये, असे त्याचे स्वरूप. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कारखाने अधिनियमासह तेरा कायदे एकत्र आणले आहेत. कायद्याचे नाव बदलले तरी टाकी तपासताना विचारायचे प्रश्न तेच राहतात आणि त्यांच्या भाषांतराची अडचणही तीच राहते.

मराठी प्रत लागते ती तीन-चार ठिकाणी. कारखान्याच्या सुरक्षा समितीत बसणाऱ्या कामगार प्रतिनिधींना ती हवी असते. आपल्या सुरक्षेविषयीची माहिती भोगवटादाराकडून मागण्याचा हक्क कामगाराला कलम १११-अ ने दिला होता आणि ती माहिती त्याला वाचता आली तरच तो हक्क कामाचा. कॉम्प्रेसर चालवणाऱ्याला टाकीपाशी लावलेल्या कागदावर मराठीच हवी असते. खटला उभा राहिला तर तालुक्याच्या न्यायालयातही कामकाज मराठीत चालते, आणि तिथे इंग्रजी अहवालासोबत त्याचे मराठी भाषांतर मागितले जाते. या सगळ्या ठिकाणी वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळायला हवी असते: या कागदाने काय करायला लावले आहे, कशाची मनाई केली आहे आणि कोणती गोष्ट नुसती सुचवली आहे.

अहवालातला प्रत्येक शेरा सारख्या वजनाचा नसतो. नियम असा आहे की, टाकी सुरक्षितपणे चालावी म्हणून अहवालात एखादी अट घातली असेल तर त्या अटीप्रमाणे वागल्याशिवाय टाकी वापरता येत नाही. कार्यदाब कमी केला असेल, किंवा अमुक दुरुस्ती झाल्याशिवाय टाकी सुरक्षितपणे वापरता येणार नाही असे आढळले असेल, तर सक्षम व्यक्तीला अहवालाची प्रत कारखाना निरीक्षकाकडेही पाठवावी लागते. म्हणजे ‘दुरुस्ती व अटी’ या रकान्यात लिहिलेल्या ओळीला नियमाचे बळ मिळते. ती मोडली तर नियमभंग होतो. ‘इतर निरीक्षणे’ या रकान्यातल्या ओळीला ते बळ आपोआप मिळत नाही. शब्द तेच असले तरी रकाना बदलला की त्यांची ताकद बदलते. म्हणून भाषांतरकाराने शेरा कुठे लिहिला आहे हे आधी पाहायचे आणि तो काय म्हणतो हे नंतर. कित्येक मराठी प्रतींमध्ये रकाने मोडून सगळा मजकूर ‘तपासणीत पुढील बाबी आढळल्या’ अशा एका सलग परिच्छेदात ओतलेला असतो. वाचायला तो सोपा वाटतो, पण कायद्याच्या दृष्टीने त्या भाषांतराला काही अर्थ उरत नाही.

एक नमुन्याचा अहवाल समोर ठेवला की हे नीट कळते. पुढची टाकी उदाहरणासाठी घेतली आहे, पण तिच्यासारख्या टाक्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत दिसतील. उभी टाकी, आतला व्यास एक मीटर, पत्र्याची मूळ जाडी ८ मिलिमीटर, कार्यदाब १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तपासणी १२ मार्चला झाली आणि अहवालावर सही २० मार्चला. हवा दाबली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते टाकीच्या तळाशी साचते. ड्रेन रोज उघडला नाही तर तळाकडचा पत्रा गंजत जातो. अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजली तेव्हा वरच्या भागात ७.६ मिलिमीटर मिळाली, तळाजवळच्या पट्ट्यात मात्र ४.९.

याचा अर्थ साध्या गुणाकार-भागाकाराने कळतो. टाकीच्या पत्र्यावर येणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. त्रिज्या ५० सेंटिमीटर आणि जाडी ०.८ सेंटिमीटर धरली तर १० च्या दाबाला ताण येतो ६२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. जाडी ०.४९ झाली की त्याच दाबाला तो १०२० वर जातो. दाब ८ वर आणला तर तो सुमारे ८१६ होतो. नेहमीचे दाबपात्राचे पोलाद वापरले असेल आणि वेल्डिंगच्या सांध्यांचे क्ष-किरण चित्र घेतलेले नसेल, तर साधारण हजाराच्या आतच थांबावे लागते. म्हणून सक्षम व्यक्तीने दाब ८ वर आणला, दुरुस्तीसाठी मुदत दिली आणि त्या मुदतीनंतर काय हेही लिहिले. आता हे सगळे मराठीत न्यायचे आहे.

पहिला अडथळा येतो तो ‘बाह्य स्थिती’ या रकान्यात. तिथे लिहिले आहे की दिसणारा दोष नाही. मराठीत हे बहुतेकदा ‘कोणताही दोष नाही’ असे उतरते आणि तिथेच अर्थ बदलतो. ‘दिसणारा दोष नाही’ हे डोळ्यांनी पाहणाऱ्याचे विधान आहे. ‘दोष नाही’ ही वस्तूची हमी झाली. उद्या टाकीच्या पायाजवळच्या वेल्डिंगमध्ये आतली चीर निघाली तर मूळ अहवाल खोटा ठरत नाही, मराठी अहवाल ठरतो. ‘बाहेरून पाहता दोष दिसला नाही’ हे बरोबर. त्यात पाहणे आले आणि पाहण्याची मर्यादाही आली. याच्याच जोडीचा रकाना म्हणजे ‘कोणत्या भागांपर्यंत पोहोचता आले नाही’. आपल्या अहवालात तिथे टाकीच्या पायाखालचा, आधाराने झाकलेला वेल्डिंगचा भाग नोंदला आहे. ही उणीव नाही, मर्यादेची कबुली आहे. तिचे भाषांतर ‘तपासणी केली नाही’ असे केले तर सक्षम व्यक्तीने कामचुकारपणा केल्यासारखे वाचले जाते. ‘पोहोचता आले नाही’ आणि ‘तपासले नाही’ यांच्यातले अंतर न्यायालयात फार मोठे ठरते.

दुरुस्तीचा रकाना सर्वांत जड. नमुन्यातला प्रश्नच दुपदरी आहे: कोणती दुरुस्ती आवश्यक आहे, ती किती मुदतीत व्हायला हवी, आणि सुरक्षित चालण्यासाठी आणखी कोणती अट घालायची आहे. उत्तरात लिहिले आहे की, तळाजवळचा गंजलेला पट्टा कापून नवा बसवायचा आणि त्यानंतर जलदाब चाचणी घ्यायची, हे सगळे तपासणीच्या तारखेपासून ६० दिवसांत. तोवर सेफ्टी व्हॉल्व्ह ८.० पेक्षा जास्त नसलेल्या दाबाला उघडेल असा बसवायचा.

इथे मराठीच्या स्वभावातली एक अडचण पुढे येते. ‘दुरुस्ती करावी’ या विध्यर्थी रूपाचे आपल्याकडे एकच वजन नाही. आजी म्हणते ‘रात्री हळदीचे दूध प्यावे’, तेव्हा तो सल्ला असतो. अर्जाच्या शेवटी ‘मंजुरी मिळावी’ म्हटले की ती विनंती होते. शासननिर्णयात ‘अनुपालन अहवाल सादर करावा’ हा आदेश असतो. वाचणारा संदर्भावरून ताकद ठरवतो आणि गंजलेल्या टाकीचा मालक आपल्या सोयीचा संदर्भ धरतो. दुसऱ्या टोकाला कायद्याची मराठी आहे. तिच्यात बंधनकारक ‘शॅल’ भविष्यकाळाने दाखवतात: ‘भोगवटादार नोंदवही ठेवील’. वकिलाला ते बंधन म्हणून कळते. कॉम्प्रेसर चालवणाऱ्याला मात्र ते पुढे कधीतरी होणारी गोष्ट वाटते. दोन्ही रूपे या रकान्याला अपुरी आहेत. ‘आवश्यक’ हा शब्द मुळात आहे, तो मराठीतही ठेवला की बंधन उघड होते: ‘आवश्यक दुरुस्ती: … ही दुरुस्ती तपासणीच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत पूर्ण होणे आवश्यक आहे’. इथे ‘केलीच पाहिजे’ असे आणखी जोर देऊन लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ‘च’ मुळात नाही. बंधन ‘आवश्यक’ या शब्दाने आणि रकान्याच्या जागेने आलेलेच आहे.

इंग्रजी नमुन्यात या जागी ‘शुड’ येतो. शाळेत तो ‘सल्ला’ म्हणून शिकवतात, त्यामुळे बरेच भाषांतरकार तो मऊ करतात. पण याच्या खालच्याच रकान्यात मुदत उलटल्यावर दाब किती, हे विचारलेले आहे. ज्या गोष्टीची मुदत मोडल्यावर टाकीचा दाबच बदलतो, ती गोष्ट सल्ला असू शकत नाही. नुसते क्रियापद पाहून इथे निभावत नाही, पुढचा रकानाही वाचावा लागतो.

त्याच अहवालाच्या शेवटी ‘इतर निरीक्षणे’ मध्ये दोन ओळी आहेत. एक, आपोआप पाणी सोडणारा ड्रेन बसवण्याची शिफारस. दोन, पायाच्या बोल्टांना वरवरचा गंज. पहिली ओळ खरोखरच शिफारस आहे आणि तिथे ‘बसवावा, अशी शिफारस आहे’ हे योग्य. आवश्यक दुरुस्तीसाठीही ‘करावी’ आणि शिफारशीसाठीही ‘करावा’ असे लिहिले की दोन्ही एका पातळीवर येतात. मग होते असे की कारखाना ड्रेन बसवतो, रंग मारतो आणि ‘अहवालातल्या तीनपैकी दोन सूचनांचे पालन झाले’ असे लिहून मोकळा होतो. पत्रा ४.९ वरच राहतो. म्हणून एका भाषांतरात बंधनासाठी एकच शब्दरूप ठरवावे, शिफारशीसाठी दुसरे, आणि अहवाल संपेपर्यंत त्यांची अदलाबदल करू नये. शाळेच्या निबंधात पुनरुक्ती दोष असते. इथे तीच हवी.

‘तपासणीच्या तारखेपासून’ हे दोन शब्दही गळता कामा नयेत. ‘६० दिवसांत दुरुस्ती करून घेणे’ एवढेच उरले तर मोजणी कोठून करायची हा प्रश्न उभा राहतो. १२ मार्च धरला आणि तो दिवस सोडून मोजले तर मुदत ११ मेला संपते. सहीची २० मार्च ही तारीख धरली तर १९ मेला. मधले आठ दिवस टाकी कायदेशीर चालली की बेकायदा, हे त्या गळलेल्या दोन शब्दांवर अवलंबून राहते. तसेच ‘त्यानंतर जलदाब चाचणी’ हा तुकडा दुरुस्तीच्या वाक्यातच राहिला पाहिजे. वाक्य सुटसुटीत करण्यासाठी तो तोडून ‘जलदाब चाचणी घ्यावी’ असे स्वतंत्र वाक्य केले, की पत्रा बदलला म्हणजे ‘आवश्यक दुरुस्ती’ पूर्ण झाली असा दावा करता येतो. मुळात चाचणी हा दुरुस्तीचाच शेवटचा टप्पा आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या अटीत ‘८.० पेक्षा जास्त नसलेल्या’ हे वरची मर्यादा सांगणारे शब्द आहेत. ‘८.० ला बसवणे’ असे केले तर ७.५ ला बसवणारा माणूस अट मोडतो असे दिसते, आणि ८.२ ला बसवणारा ‘जवळपास आठच’ म्हणून सुटू पाहतो. झडपेला कोशातला शब्द ‘सुरक्षा झडप’ आहे, तो चांगला आहे. टाकीजवळच्या कागदावर मात्र ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ लिहिलेलाच बरा, कारण ज्याने तो पाना लावून फिरवायचा आहे त्याच्या तोंडी तोच शब्द आहे.

या नंतरचा रकाना या नमुन्याचा गाभा म्हणता येईल. दाबावर परिणाम करणारी दुरुस्ती लागणार असेल तर तीन वेगवेगळे कार्यदाब लिहावे लागतात. आपल्या अहवालात ते असे आहेत: पहिल्या ओळीत ८.०, दुसऱ्या ओळीत इंग्रजीतला ‘निल’, तिसऱ्या ओळीत १०.०. पहिली ओळ मुदत संपण्यापूर्वीची. दुसरी ओळ मुदत संपल्यानंतरची, पण आवश्यक दुरुस्ती पूर्ण झालेली नसेल तेव्हाची. तिसरी ओळ दुरुस्ती पूर्ण झाल्यानंतरची. एकच टाकी, पण तारीख आणि काम यांनुसार तिचे तीन दाब. मराठीत या तीन ओळींचा एकच सारांश, ‘सुरक्षित दाब ८, दुरुस्तीनंतर १०’, असा केला की मधली ओळ नाहीशी होते. नेमकी तीच ओळ टाकी बंद करणारी आहे.

‘निल’ या शब्दाला कार्यालयीन मराठीत तयार शब्द आहे: ‘निरंक’. तहसील कचेरीपासून शाळेच्या विवरणपत्रापर्यंत तो चालतो. माहिती द्यायची होती, पण द्यायला काही नाही, असा त्याचा अर्थ. ‘आवश्यक दुरुस्ती’ या रकान्यात ‘निल’ असेल तर ‘निरंक’ शोभतो, म्हणजे दुरुस्ती काही नाही. कार्यदाबाच्या मधल्या ओळीत मात्र ‘निरंक’ लिहिले तर वाचणारा समजतो की या ओळीत भरण्यासारखे काही नव्हते, म्हणून ती सोडली आहे. मुळातला अर्थ नेमका उलटा आहे. तिथे ‘निल’ हे एक माप आहे. दाब किती, तर शून्य. म्हणजे टाकीत बाहेरच्या हवेपेक्षा जराही जास्त दाब भरायचा नाही. एकाच अहवालात एकाच इंग्रजी शब्दासाठी इथे दोन मराठी शब्द वापरावे लागतात: तिकडे ‘निरंक’ किंवा ‘काही नाही’, इकडे ‘शून्य’. इथे एकच प्रतिशब्द ठेवण्याचा हट्ट धरला तर अर्थ हरवतो. त्याचप्रमाणे मुळात आडवी रेघ असेल तर रेघच द्यावी, ‘लागू नाही’ असेल तर तेच लिहावे. रिकामी जागा, रेघ, ‘लागू नाही’ आणि शून्य या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची अदलाबदल करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. ‘शून्य’ पुढे कंसात ‘वापर बंद’ असे समजावून लिहिण्याचाही नाही, कारण ते लिहिणाऱ्याने सही केलेली नाही.

मधल्या ओळीच्या शीर्षकात ‘पूर्ण झालेली नसल्यास’ हे शब्द तसेच राहिले पाहिजेत. ‘दुरुस्ती केली नसल्यास’ असे म्हटले की पळवाट उघडते. ठेकेदाराला ऑर्डर दिली आहे, पत्रा आणून ठेवला आहे, काम सुरू आहे. मग दुरुस्ती ‘केली नाही’ असे कसे म्हणायचे? मूळ वाक्याने हा वाद होऊ दिलेला नाही. काम अर्धे झाले असले तरी ते पूर्ण नाही आणि दाब शून्यच. मराठीत ‘केली’ आणि ‘पूर्ण झाली’ बोलताना आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो, म्हणूनच इथे सावध राहावे लागते. तिसऱ्या ओळीत ‘दुरुस्ती झाल्यास १०.०’ असेही लिहू नये. ‘झाल्यास’ मध्ये शक्यता आहे, ‘पूर्ण झाल्यानंतर’ मध्ये क्रम आहे. मूळ वाक्य क्रम सांगते.

दाबांच्या नावांतही गल्लत होते. संकल्पन दाब हा टाकी आखताना धरलेला, चाचणी दाब हा पाणी भरून थोड्या वेळासाठी दिलेला आणि कार्यदाबापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेला, आणि सुरक्षित कार्यदाब हा आजच्या मोजलेल्या जाडीवरून काढलेला. टाकीवरच्या पाटीवर जुना आकडा कोरलेला असतो. मराठी प्रतीत तिन्हींना ‘दाब’ किंवा ‘कमाल दाब’ म्हटले तर चालवणारा सर्वांत मोठा आकडा धरतो: ‘पंधराला टेस्ट झाली आहे, म्हणजे बारा चालेल.’ टाकी पाण्याने तपासतात त्यामागे कारण आहे. पाणी जवळपास दबत नाही, म्हणून टाकी फुटली तरी साठलेली ऊर्जा थोडी असते; दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी सुटते. म्हणून चाचणीचा आकडा हा हवेसाठीचा परवाना नसतो. भाषांतरात प्रत्येक आकड्यापुढे त्या दाबाचे पूर्ण नाव पुन्हा लिहावे आणि एकक मुळात आहे तेच ठेवावे. किलो प्रति चौरस सेंटिमीटरचे बार केले तर आकडा दोन टक्क्यांच्या आसपास बदलतो. रूपांतर करणे हे भाषांतरकाराचे काम नाही.

माणसांची नावेही अशीच नेमकी हवीत. ‘सक्षम व्यक्ती’ ही कायद्याची संज्ञा आहे. ‘तज्ज्ञ’ किंवा ‘अनुभवी अभियंता’ म्हटले तर मान्यतेचा मुद्दाच जातो. ‘भोगवटादार’ हा शब्द कानाला शेतजमिनीचा वाटतो, म्हणून काही जण ‘मालक’ किंवा ‘व्यवस्थापक’ लिहितात. कायद्यात भोगवटादार म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती, कंपनी असेल तर तिचा संचालक. अट मोडली तर उत्तर त्याला द्यावे लागते. ‘व्यवस्थापक’ लिहिल्याने कागदावर जबाबदारी एक पायरी खाली सरकते.

शेवटी येते प्रमाणपत्राचे वाक्य. सही करणारा त्यात सांगतो की अमुक तारखेला ही टाकी पूर्णपणे साफ केलेली होती, तिची बांधणी जितपत परवानगी देते तितपत ती तपासणीसाठी खुली केलेली होती, आवश्यक त्या चाचण्यांची सोय होती, त्या तारखेला मी ती तिच्या जोडसाधनांसह पूर्ण तपासली आणि वरचा अहवाल माझ्या तपासणीचा खरा अहवाल आहे. मराठी कार्यालयांना ‘याद्वारे प्रमाणित करण्यात येते की’ ही सुरुवात अंगवळणी पडलेली आहे. ती इथे चालत नाही, कारण त्या वाक्यात कोणी माणूस नसतो. मूळ वाक्य ‘मी’ ने सुरू होते. हा शेरा एका व्यक्तीच्या सचोटीवर उभा आहे आणि तो खोटा निघाला तर तीच व्यक्ती जबाबदार ठरते. ‘मी प्रमाणित करतो की’ किंवा ‘करते की’, सही पाहून, असेच लिहावे. ‘बांधणी परवानगी देते तितपत’ हा तुकडा मराठीत वाक्याच्या मध्यभागी अवघडतो, म्हणून तो बरेचदा वगळला जातो. तो वगळला की पायाखालचे वेल्डिंगही तपासले असे विधान सक्षम व्यक्तीच्या तोंडी घातले जाते.

मुळात चूक असेल तर काय? समजा, दाबाचा आकडा १०.० ऐवजी १०० असा टंकला गेला. भाषांतरकाराला चूक स्पष्ट दिसते, तरी मराठीत १०० च राहायला हवे, त्याच्यापुढे ‘मुळात असेच’ अशी नोंद हवी, आणि ही नोंद भाषांतरकाराची आहे हे कळायला हवे. दुरुस्ती सक्षम व्यक्तीने सही करूनच करायची असते. टाकीचा ओळख क्रमांक, शिक्का आणि पाटीवरचा मजकूर अक्षरशः जसाच्या तसा उतरवायचा. काम संपल्यावर दोन माणसांनी मराठी प्रत वेगवेगळी वाचावी: दाबपात्रे पाहणारा अभियंता आणि ज्याने इंग्रजी प्रत पाहिलेली नाही असा कामगार. कामगाराला तीनच प्रश्न विचारावेत. आज दाब किती? १२ मे उजाडला आणि पत्रा अर्धाच बसला असेल तर किती? ड्रेन नाही बसवला तर काय? उत्तरे अनुक्रमे आठ, शून्य आणि ‘टाकी त्यामुळे थांबत नाही’ अशी आली नाहीत, तर चूक वाचणाऱ्याची नाही, भाषांतराची आहे.

मराठी प्रतीच्या शेवटी ‘मतभेद झाल्यास मूळ इंग्रजी अहवाल ग्राह्य धरावा’ असे लिहिण्याची रीत आहे आणि ती ठेवावी. पण ज्यांच्या हाती अशी मराठी प्रत येते त्या कामगार प्रतिनिधींनी तिच्यासोबत मूळ अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि कार्यदाबाच्या तीन ओळी दोन्हीकडे तीनच आहेत ना, हे स्वतः मोजून पाहावे.